दोन कल्पना, आठवड्याला आठ तास: इडलीचं पीठ आणि अळिंबी एकदम करून बघू की एकामागून एक?

ओंजळ | १२ सप्टेंबर, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. मी पुण्यात धायरीला राहते, एका खाजगी कंपनीत हिशेबाच्या कामाला आहे. नोकरी सोडायची नाही, पण पुढच्या चार-पाच वर्षांत घरून चालेल असं काहीतरी उभं करायचं आहे. सात कल्पनांवर वर्षभर विचार करून दोन उरल्या आहेत. एक, आमच्या सोसायटीत आणि शेजारच्या दोन सोसायट्यांत शनिवार-रविवारी इडली-डोशाचं ताजं पीठ देणं. दुसरी, धिंगरी अळिंबी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, दहा-पंधरा बेडवर पिकवून विकणं. ग्राइंडर बहिणीचा मिळतोय, दोन लिटरचा. अळिंबीचं एक दिवसाचं प्रशिक्षण कृषी महाविद्यालयात केलं आहे.

मोकळा वेळ आठवड्याला साधारण आठ तास. जानेवारी ते मार्च ऑफिसात मान वर करायला मिळत नाही, म्हणून जे काय करून बघायचं ते डिसेंबरअखेरपर्यंत. दोन्ही एकदम सुरू केल्या तर प्रत्येकीला चार तास मिळतात. एकामागून एक केल्या तर दुसरीला वेळ पुरेल का, याची भीती वाटते. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया सांगा.

निवांत | १२ सप्टेंबर, रात्री ११:२०

एकच करा. एक ना धड भाराभर चिंध्या होतील. नोकरी, घर, त्यात दोन धंदे, कशालाच न्याय मिळत नाही. जे जास्त आवडतं ते घ्या आणि डिसेंबरपर्यंत तेच रेटा. दुसरं पुढच्या वर्षी.

अन्नपूर्णा_४२ | १३ सप्टेंबर, सकाळी ७:१५

पीठ नीट फुगत नसेल तर उडदाबरोबर चमचाभर मेथी भिजत घाला. भिजवलेले पोहे मूठभर वाटताना घातले की इडली हलकी होते. मीठ आंबल्यावर घालायचं. पुण्यात थंडीत पातेलं डाळ-तांदळाच्या डब्याशेजारी न ठेवता बंद ओव्हनमधे ठेवावं, उबेला.

ओंजळ | १३ सप्टेंबर, सकाळी ८:०५

अन्नपूर्णाताई, मेथीचं लक्षात ठेवते, धन्यवाद. माझा प्रश्न वेळ कसा वाटायचा याचा आहे, पण थंडीचा मुद्दा त्यातही लागेलच.

निवांत, 'जास्त आवडतं ते' यावर ठरवता आलं असतं तर हा धागा काढलाच नसता. मला दोन्ही सारख्याच आवडतात.

जमाखर्च | १३ सप्टेंबर, दुपारी १:३०

माझं मत एकदम करा. कारण सरळ आहे. पीठ ऑक्टोबरात विकलंत आणि अळिंबी डिसेंबरात, तर तुलना कशी करणार? ऋतू वेगळा, सण वेगळे, लोकांच्या खिशातली परिस्थिती वेगळी. एकाच काळात, एकाच गिऱ्हाइकासमोर दोन्ही ठेवा. जी जास्त विकली जाईल ती घ्या. चार-चार तास समान वाटा, म्हणजे कुणावर अन्याय नाही.

कोथिंबीर | १३ सप्टेंबर, दुपारी ३:४५

मी ठाण्यात चार वर्षं पीठ विकते. जमाखर्च यांचं समान वाटपाचं गणित कागदावर बरोबर दिसतं, स्वयंपाकघरात तसं होत नाही.

दोन लिटरच्या ग्राइंडरमधे एका घाण्याला डाळ-तांदूळ मिळून किलोभर कोरडं धान्य जातं. त्याचं अडीच किलोच्या आत-बाहेर पीठ होतं. उडीद वेगळा, तांदूळ वेगळा, दोन्ही मिळून पन्नास मिनिटं धरा. आता याच्या मागेपुढे जे काम आहे ते पीठ पाच किलो असो की पंधरा, जवळजवळ तेवढंच लागतं: धान्य निवडून धुणं, दगड घासणं, आंबवायची भांडी उकळत्या पाण्याने काढणं, सोसायटीत फिरून पोचवणं, पैसे आले का बघणं. माझं ते दोन तास होतं. म्हणजे चार तासांत तुम्हाला दळायला दोनच तास मिळतात, दोन घाणे, पाच किलो पीठ. आठ तास दिलेत तर सहा तास दळण. वेळ निम्मा केला की पीठ तिसरा हिस्सा होतं. पाच पिशव्या विकून तुम्हाला काय कळणार? पाच तर शेजारणीच घेतील.

दुसरं सांगते, ते याहून मोलाचं आहे. पहिल्या आठवड्याची विक्री धरूच नका. ती ओळखीपोटी असते. माझ्या पहिल्या रविवारी बावीस पिशव्या गेल्या होत्या, पाचव्या रविवारी आठ. त्या आठ घरांवर माझा धंदा उभा राहिला. म्हणून पिठाची परीक्षा किमान चार-पाच आठवडे सलग हवी, आणि मोजायचं एवढंच की आपण विचारल्याशिवाय किती घरांतून निरोप आला.

हिरवी_चिंच | १३ सप्टेंबर, रात्री ९:१०

मी भोरजवळ आठ वर्षं धिंगरी करतो. ओंजळताई, तुमचा प्रश्न 'एकदम की एकामागून एक' असा मांडलात की त्याला उत्तर नाही, कारण तुमच्या दोन कामांचा वेळ एका जातीचा नाही. पीठ हाताचा वेळ खातं. अळिंबी दिवस खाते.

दहा बेडचा हिशेब सांगतो. आदल्या रात्री काड भिजत घालायचं. दुसऱ्या दिवशी ते ऐंशी अंशाच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचं, निथळायचं, गार करायचं, मग थर देत बियाणे घालून पिशव्या भरायच्या. नवख्या माणसाला पाच तास. किलोभर कोरड्या काडाच्या बेडला शंभर ग्रॅम बियाणे घाला. मुठीत काड दाबल्यावर तळवा ओला व्हावा, पण पाणी गळू नये. गळलं तर बेड आतून कुजतो.

त्यानंतर पंधरा ते वीस दिवस तुम्ही काहीच करायचं नसतं. अंधाऱ्या जागी टांगून ठेवायचे, दिवसातून एकदा नजर टाकायची. हिरवा डाग दिसला की तो बेड बाहेर. पांढरी जाळी पूर्ण पसरली की पिशवी कापायची, आणि मग खरं बंधन सुरू होतं: दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा, हवा खेळती, खोलीत सतत ओलावा. पाच-सात दिवसांत पहिली तोडणी. पुढे आठ-दहा दिवसांच्या अंतराने दुसरी, तिसरी.

म्हणजे सुरुवातीला एक जड दिवस, मग तीन आठवडे मोकळे, मग पाच-सहा आठवडे रोज थोडं थोडं. ते मोकळे तीन आठवडे तुम्ही पिठाला देऊ शकता. 'चार-चार तास' यात ही गोष्ट दिसतच नाही.

निवांत | १३ सप्टेंबर, रात्री ९:४०

हे पटतं. मी दोन्ही कामं सारखीच रोजची धरली होती. तरी एक विचारतो, हातात वेळ मोकळा असला तरी डोकं मोकळं असतं का? बेडवर हिरवा डाग पडला त्याच शनिवारी पीठ फुगलं नाही, तर माणूस कुठे धावेल?

हिरवी_चिंच | १३ सप्टेंबर, रात्री १०:०५

बरोबर आहे, ते होतं. म्हणून दोन्हीचे जड दिवस एका आठवड्यात येऊ द्यायचे नाहीत.

सागरगोटा | १४ सप्टेंबर, सकाळी ९:००

माझा अनुभव थोडा वेगळा. सावंतवाडीला मी एकाच वर्षी कोकमाचं आगळ आणि पर्यटकांसाठी घरगुती मुक्काम अशी दोन्ही कामं सुरू केली. आगळाचं काम एप्रिल-मे, मुक्कामाचं काम दिवाळी ते नाताळ. एकमेकांच्या आड कधी आलीच नाहीत आणि आज दोन्ही चालू आहेत. तेव्हा दोन दगडांवर पाय म्हणजे बुडालाच असं नाही. एकच चूक झाली, आगळाच्या बाटल्या मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांनाच विकून बघितल्या. सगळ्यांनी घेतल्या. मला वाटलं खप आहे. बाजारात गेल्यावर कळलं की पाहुणे यजमानाला नाही म्हणत नव्हते.

कोथिंबीर | १४ सप्टेंबर, सकाळी ११:२०

सागरगोटा यांनी जे सांगितलं ते जमाखर्च यांच्या 'एकाच गिऱ्हाइकासमोर दोन्ही ठेवा' याला लागू आहे. ओंजळ, तुमच्या तिन्ही सोसायट्यांचे गट तेच, माणसं तीच. एका रविवारी पीठ आणि अळिंबी दोन्हीचा निरोप टाकलात, तर ज्याला तुम्हाला मदत करायची आहे तो दोनपैकी एक घेईल आणि मोकळा होईल. बहुतेक जण पीठ घेतील, कारण ते करायचं कसं हे माहीत आहे. त्यावरून अळिंबी विकत नाही असं म्हणता येणार नाही.

जमाखर्च | १४ सप्टेंबर, दुपारी १२:१५

माणसं तीच असल्याचा मुद्दा मान्य. मी तो धरला नव्हता. पण काळाचं काय? २२ सप्टेंबरला घटस्थापना आहे. नऊ दिवस अर्ध्या घरांत उपास. पुढे १८ ऑक्टोबरपासून दिवाळी. त्या काळात पीठ विकून काढलेला आकडा खोटाच येणार. हा दोष एकामागून एक करण्यातही राहतोच.

कोथिंबीर | १४ सप्टेंबर, दुपारी १:००

खरं आहे. नवरात्रात माझंही पीठ निम्म्यावर येतं. दसऱ्यानंतर सुरू करा, दिवाळीचा आठवडा सोडा. पण तुलना पिठाची अळिंबीशी कशाला करायची? प्रत्येकीची आपली एक रेघ आधी कागदावर लिहून ठेवा. पिठाला मी म्हणेन, पाचव्या आठवड्यात न विचारता दहा घरं. ती रेघ ओलांडली तर ठेवा, नाहीतर सोडा. दोन्ही ओलांडतील किंवा दोन्ही पडतील, तेही होऊ शकतं.

ओंजळ | १४ सप्टेंबर, रात्री १०:३०

सगळ्यांचं तीनदा वाचलं. एक प्रश्न हिरवी चिंच यांना. बेड ठेवायला माझ्याकडे मागची बंद गॅलरी आहे, सासूबाईंच्या खोलीला लागून. तिथे ओलावा टिकतो. दहा बेड मावतील. दुपारचा फवारा सासूबाई मारू शकतील, त्या घरीच असतात. त्यांना जरा दमा आहे, पण एवढं हलकं काम होईल.

हिरवी_चिंच | १४ सप्टेंबर, रात्री १०:४५

ताई, थांबा. दमा असलेल्या माणसाच्या खोलीशेजारी धिंगरी ठेवू नका. ही इतर अळिंबीपेक्षा फार बीजाणू सोडते. छत्रीची कड वर वळायला लागली की पांढरी भुकटी हवेत उडते, आणि तोडणीला एक दिवस उशीर झाला की खोलीभर होते. मी स्वतः तोंडाला फडकं बांधल्याशिवाय तोडणी करत नाही. ज्यांना आधीच श्वासाचा त्रास आहे त्यांना खोकला, ताप, छाती भरणं असं सगळं होऊ शकतं. कोवळी तोडली तरी धोका शून्य होत नाही.

आणि त्याच घरात पीठ आंबणार असेल तर तेही नको. कोरडं काड झटकलं की त्यातून बुरशीची धूळ उडते, चिलटंही येतात. काडाचं काम गच्चीवर किंवा अंगणात, पिठाच्या भांड्यांपासून लांब.

ओंजळ | १४ सप्टेंबर, रात्री ११:१०

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. प्रशिक्षणात बीजाणूंचा उल्लेख झाला होता, पण मी तो घराशी जोडला नाही. गॅलरी बाद. सासूबाईंच्या तब्येतीशी खेळ नको.

कोथिंबीर | १५ सप्टेंबर, सकाळी ७:३०

आता कळलं ना, दोन्ही सुरू करण्याआधी प्रत्येक कल्पनेचा असा एक प्रश्न विचारून घ्यायचा, ज्याचं उत्तर 'नाही' आलं तर पुढे काहीच करावं लागत नाही. जागेचा प्रश्न तसा होता आणि त्याला तुमचा एकही तास लागला नाही.

अळिंबीचा दुसरा तसा प्रश्न म्हणजे ती खाणार कोण. त्यासाठी पिकवायची गरज नाही. एखाद्या उत्पादकाकडून चार किलो विकत आणा, दोनशे ग्रॅमची पाकिटं करा, एका शनिवारी विका. पदरचे दोन पैसे जातील, पण दोन महिने वाचतील.

हिरवी_चिंच | १५ सप्टेंबर, सकाळी ८:००

हा सल्ला सोन्यासारखा आहे. मी पहिल्या वर्षी तीस किलो पिकवली आणि गिऱ्हाईक नव्हतं. ताजा माल फ्रिजमधे जेमतेम तीन-चार दिवस टिकतो. शेवटी उन्हात वाळवली, दहा किलोची एक किलो झाली. उगवणं शिकता येतं, विकायचं आधी बघा.

निवांत | १५ सप्टेंबर, सकाळी ९:१०

ओंजळ, अजून एक करा. दोन आठवडे काहीच सुरू न करता फक्त मोकळा वेळ लिहून काढा. माझा अंदाज आठचा होता तेव्हा वहीत पाच निघाले होते.

ओंजळ | २९ सप्टेंबर, रात्री ९:५०

दोन आठवड्यांची वही समोर आहे. पहिल्या आठवड्यात साडेसहा तास, दुसऱ्यात पाच. मुलाची परीक्षा, एक बारसं, शनिवारी ऑफिसचं अर्ध्या दिवसाचं काम. आठ तास एकाही आठवड्यात नव्हते. निवांत यांचे मनापासून आभार, कारण सगळी आखणी आठावर झाली असती तर तिसऱ्या आठवड्यातच कोलमडली असती.

२० तारखेला अळिंबी विकून बघितली. चार किलो आणली, वीस पाकिटं. तेरा गेली. सात उरली त्यातली तीन आम्ही खाल्ली, चार बहिणीला दिली. घेणाऱ्या तेरापैकी आठ जणांनी 'करायची कशी' विचारलं. चार घरांनी पुढच्या आठवड्यातही मागितली, आपणहून. चार हा आकडा चांगला की वाईट, मला ठरवता येत नाही.

जागेचं असं झालं की माझ्या दिरांची किरकटवाडीला पत्र्याची मोकळी शेड आहे. ते तिथेच राहतात आणि पाणी मारायला तयार आहेत.

आखणी अशी केली आहे. ४ ऑक्टोबरपासून पीठ. दिवाळीचा शनिवार-रविवार सोडून पाच वेळा, शेवटची ८-९ नोव्हेंबरला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला, रजा काढून बेड भरायचे. म्हणजे जाळी पसरायचे वीस दिवस पिठाच्या उरलेल्या आठवड्यांत जातील आणि पिशव्या कापायची वेळ पीठ संपल्यावर, १२-१३ नोव्हेंबरच्या आसपास येईल. बियाणे आधी नोंदवलं आहे, २३ ला मिळेल.

जमाखर्च | २९ सप्टेंबर, रात्री १०:३०

आखणी सुंदर आहे, पण एक शंका मनात येते. पाणी दीर मारणार असतील तर ही परीक्षा तुमच्या वेळेची की त्यांच्या? तुम्हाला डिसेंबरात कळेल की अळिंबी उगवते आणि विकते. ती तुमच्या पाच तासांत बसते का, हे कळणार नाही. दीर उद्या गावाला गेले तर?

ओंजळ | २९ सप्टेंबर, रात्री १०:५०

खरं आहे. ते मी वहीत त्यांचे तास म्हणून वेगळे लिहीन. शेवटी त्यांनाही त्याचा मोबदला धरावा लागेलच.

हिरवी_चिंच | ३० सप्टेंबर, सकाळी ६:४५

पत्र्याची शेड ऑक्टोबरात दुपारी तापते. बियाणे पसरताना बेडच्या आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंश जास्तच असतं, तीसच्या वर राहिलं की हिरवी बुरशी जोर धरते. पत्र्यावर गवताचा जाड थर टाका आणि आतल्या भिंतींना गोणपाट ओलं करून लावा. थर्मामीटर बेडच्या उंचीवर टांगा, दारापाशी नको. आणि बियाणे २३ ला आणलंत तर २४ लाच वापरा.

ओंजळ | ११ नोव्हेंबर, रात्री १०:१५

उशिरा लिहिते आहे. पिठाचा हिशेब पूर्ण झाला.

एक-एक किलोच्या पिशव्या, सत्तर रुपये. पहिल्या वेळी सोळा, मग चौदा. दिवाळीनंतर नऊ, दहा, आणि परवाच्या रविवारी अकरा. त्या अकरातली नऊ घरं अशी आहेत की शुक्रवारीच त्यांचा निरोप येतो. माझी रेघ दहाची होती. एका घराने कमी पडले.

कोथिंबीरताई म्हणाल्या तसा मागचा-पुढचा वेळ कमी झाला नाही. पहिल्यांदा आठ तास लागले होते, तेव्हा झोप मोडली. शेवटी अकरा किलोला साडेपाच. किलोला धान्य, पिशवी आणि वीज मिळून तेहतीस रुपये जातात. म्हणजे साडेपाच तासांचे चारशे सात रुपये. थंडीत पीठ फुगायला बारा तासांच्या जागी सोळा लागू लागले आणि एक खेप आंबलीच नाही, ती मी विकली नाही.

बेड दहा भरले होते. दोन चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवे झाले, ते काढून लांब पुरले. दोन्ही दाराकडचे होते. आठ पांढरे झाले आहेत, उद्या कापणार.

कोथिंबीर | १२ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

एका घराने कमी म्हणून सोडू नका, असं मला म्हणावंसं वाटतं. नऊ घरं पक्की मिळणं सोपं नाही. तुमची अडचण गिऱ्हाइकाची नाही, ग्राइंडरची आहे. पाच लिटरचा असता तर हेच पीठ दोन घाण्यांत झालं असतं आणि तुमचे अडीच तास वाचले असते.

निवांत | १२ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

मला उलट वाटतं. रेघ आधी लिहिली ती अशाच वेळेसाठी. आकडा बघून रेघ सरकवायची असेल तर लिहायची कशाला?

जमाखर्च | १२ नोव्हेंबर, सकाळी १०:००

रेघ घरांची होती, तासांची नव्हती. तिथेच चूक झाली असं मला दिसतं. तासाला किती सुटायला हवेत हे आधी ठरवलं असतं, तर चौऱ्याहत्तर रुपये तासाला हे उत्तर नऊ-दहाच्या वादाशिवाय मिळालं असतं.

ओंजळ | १ डिसेंबर, रात्री १०:४०

पहिली तोडणी १८ ते २० नोव्हेंबरला झाली, आठ बेडचे मिळून दोन किलो चारशे ग्रॅम. बारा पाकिटं केली. नऊ विकली गेली, त्यात सप्टेंबरातली ती चारही घरं आहेत. उरलेली तीन दिरांच्या घरी दिली. माझे त्या आठवड्यात साडेतीन तास गेले, दिरांचे रोज अर्धा तास, म्हणजे तेवढेच.

एक गोष्ट आखताना लक्षात आली नव्हती. पीठ आणि अळिंबी यांचे जड दिवस मी वेगळे केले, पण पिठाची नऊ घरं १५ तारखेपासून विचारत होती की पीठ का बंद झालं. परीक्षा म्हणून थांबवलं हे त्यांना कसं सांगू? दोन आठवडे मी नुसतं 'पुढच्या वेळी' म्हणत राहिले. २९ तारखेला न राहवून पुन्हा केलं, सात पिशव्या गेल्या. दोन घरांनी दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली आहे.

कोथिंबीर | २ डिसेंबर, सकाळी ७:२०

हे मलाही आधी सुचायला हवं होतं. चालू गिऱ्हाईक थांबवायचं असेल तर सुरू करतानाच सांगायचं की पाच आठवडे देणार आहे, मग महिनाभर सुट्टी. तसं सांगितलं की माणसं थांबतात. ती दोन घरं परत येतील, एक पिशवी नुसती नेऊन द्या.

ओंजळ | २ डिसेंबर, रात्री ९:३०

नेऊन देते. हिरवी चिंच, दुसरी तोडणी अजून दिसत नाही. तोडणी होऊन अकरा-बारा दिवस झाले. बेड वरून कोरडे आणि कडक लागतात, दोन ठिकाणी पिवळट पाणी जमलं आहे. दीर रोज तीनदा फवारतात.

हिरवी_चिंच | २ डिसेंबर, रात्री ९:५५

रात्री शेड किती थंड होते ते बघा. किरकटवाडीला डिसेंबरात पहाटे दहा-बारा अंश जातं, तेवढ्यात धिंगरी थबकते. पिवळं पाणी टिपून घ्या, त्या जागी फवारा नको. पहिल्या तोडणीचे देठ राहिले असतील तर ते चाकूने खरवडून काढा, तिथेच कुजायला सुरुवात होते. मग बेड एकदा तासभर गार पाण्यात बुडवा, निथळून परत टांगा. संध्याकाळी गोणपाट खाली सोडा आणि पहाटेचं पाणी बंद करून सकाळी दहानंतर मारा. आठवडाभरात टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसले तर बेड जिवंत आहेत. फोटो टाका, मी बघतो.